मामेभावाने मूळव्याधीचा मोड घरीच रबराने बांधला, त्याची ही हकीकत

कपाशीवाला

परवा आमच्या पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता एक जण सांगत होता, की मोड बाहेर आला की सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी त्याला आवळून बांधायची, आठवड्यात गळून पडतो, डॉक्टरही तेच करतो आणि वरून पैसे घेतो. मी काही बोललो नाही, घरी आलो. आता लिहितो, कारण हेच गणित माझ्या मामेभावाने मांडलं होतं.

वय 41, घाटंजीकडे सहा एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. दोन वर्षांपासून संडासला बसलं की मोड बाहेर यायचा, बोटाने आत सारला की जायचा. शेजाऱ्याने यवतमाळला डॉक्टरकडून मोडाला रबरी रिंग टाकून घेतली होती. तो दहा मिनिटांत बाहेर आला आणि त्याच दिवशी बसने घरी परतला, हे भावाने डोळ्यांनी पाहिलेलं. वेचणीचे दिवस होते, मजूर मिळत नव्हते, दोन दिवस कोण मोडणार? रविवारी रात्री मोड बाहेर आला तो आत जाईना. वहिनीने मोबाईलची बत्ती धरली आणि ह्याने व्हॉल्वच्या नळीचे दोन वेढे देऊन गाठ मारली.

त्याच क्षणी डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणतो. पण "रिंग लागली म्हणजे दुखणारच" असं समजून दोन गोळ्या खाऊन पालथा पडून राहिला. सोमवारी तो मोड लिंबाएवढा झाला, निळाकाळा. रबर सुजेत इतकं रुतलं की दिसेना. दुपारी दाढीच्या ब्लेडने ते कापायला गेला, तर रबराऐवजी मोडच कापला गेला. वहिनीने लुगड्याची घडी दाबून धरली, तेव्हा रक्त थांबलं. म्हणजे थांबलं असं वाटलं.

मंगळवारी सकाळपासून लघवी नाही, संध्याकाळी थंडी वाजून ताप. गावात येणाऱ्या डॉक्टरने तापाचं इंजेक्शन दिलं, मूळव्याध सुजली म्हणाला. ह्याने रबराचं त्याला सांगितलंच नाही, लाजेने. बुधवारी पहाटे खोलीत वास यायला लागला आणि अंडाच्या मुळाशी काळपट डाग दिसला. मग 108 ला फोन केला.

पुढचं हळूहळू लिहितो. तोवर कोणाला ह्यातलं समजत असेल तर मला एक सांगा. डॉक्टरची रिंग आणि ह्याचं रबर, दोन्ही रबरच. मग फरक कुठे पडला?

वऱ्हाडी_बाणा

भाऊ, वाईट झालं. पण सगळ्याइचं असं नाही होत. मी सोता घोड्याच्या केसानं बांधला होता दोन वर्षांमागं. दुखलं लय, पण पाचव्या दिवशी फुटून गेला अन् मोकळा झालो. चामखीळ नाही का बांधत आपण? तसंच हाय ते. तुमच्या भावानं ब्लेड लावलं हे चुकलं, बांधणं नाही चुकलं. अन् सुश्रुतानं सांगून ठेवलंच हाय, क्षार, अग्नी, शस्त्र.

थिएटरवाली_सिस्टर

मी बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरात आहे, त्यातली बरीच वर्षं विदर्भातच. कपाशीवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर गुदद्वाराच्या आत साधारण दोन बोटांच्या पेरांइतक्या अंतरातच आहे.

आत जाताना एक सीमा लागते. तिच्या खाली आपली नेहमीची कातडी, तिला टाचणी लागली तरी कळते. तिच्या वर आतड्याचं अस्तर, त्याला ताण कळतो, पण कापल्या-टोचल्याची वेदना जवळजवळ नाही. डॉक्टर एक नळी घालून त्या सीमेच्या चांगलं वर, मोडाच्या मुळाशी अस्तराला रिंग बसवतात. बसवायच्या आधी अस्तर चिमट्यात धरून विचारतात, "दुखतंय का?" रुग्ण हो म्हणाला तर तिथे रिंग टाकत नाहीत, थोडी वर सरकतात. टाकल्यावर जोरात दुखलं तर लगेच काढतात. सगळी परीक्षा त्या एका प्रश्नात आहे.

आता घरी बघा. आरशात दिसतं ते, बोटाला लागतं ते, धाग्याच्या फासात येतं ते, सगळं सीमेच्या खालचं. आतला मोड बाहेर लोंबत असला तरी तो येताना कातडी ओढून आणतो, आणि फास त्या कातडीवर बसतो. म्हणजे हाताला जे सापडतं नेमकं तेच बांधायचं नसतं. तुमच्या भावाला काजवे दिसले तिथेच शरीराने उत्तर दिलं होतं. त्याला ते ऐकायचं असतं हे माहीत नव्हतं, एवढंच.

दुसरी गोष्ट आवळण्याची. डॉक्टरची रिंग इवलीशी असते, यंत्रावर ताणून चढवतात, सोडली की मिटते. येणारं आणि जाणारं दोन्ही रक्त एकदम बंद होतं, तेवढा तुकडा वाळतो आणि साधारण आठवड्याभरात पडतो. हाताने मारलेली गाठ तेवढी बसत नाही. परत जाणाऱ्या रक्ताची शीर मऊ असते, ती दबते. आणणारी नाडी जोराची असते, ती चालूच राहते. शेताच्या बांधाचं तोंड बुजवलं आणि वरून पाट सोडून दिला तर काय होईल, तसं. म्हणून लिंबाएवढं झालं.

कपाशीवाला

सिस्टर, हे आम्हाला तिथे कोणी असं समजावलं नाही. घाईत होते बिचारे. लघवी का बंद झाली ते अजून कळलं नाही. वहिनीला वाटलं पाणी कमी प्यायला म्हणून.

थिएटरवाली_सिस्टर

तिथली वेदना आणि सूज वाढली की खालचे स्नायू आवळून बसतात आणि लघवीची वाट सुटत नाही. कधी आत खोलवर जंतू पसरल्यानेही होतं, आणि ते जास्त वाईट. आमच्याकडे दवाखान्यात रिंग टाकलेल्या माणसालाही घरी जाताना हेच बजावतात: दुखणं कमी होण्याऐवजी वाढत चाललं, ताप आला, लघवी अडली, ह्यातलं काही झालं तर रात्र असो की पहाट, परत या. नीट टाकलेल्या रिंगनंतरही क्वचित असं होतं. मंगळवारी सकाळी तुमच्या भावाला ह्यातलं निम्मं झालेलं होतं.

त्यांना शुगर होती का?

कपाशीवाला

होती, पण माहीत कोणाला? कधी तपासलीच नव्हती. दवाखान्यात 340 निघाली.

थिएटरवाली_सिस्टर

वाटलंच. मग पुढचं मी लिहीत नाही, तुम्हीच सांगा.

संत्रावाला_मोर्शी

माझा मुद्दा वेगळा आहे. आमच्या बागेत एक म्हातारा सालदार होता, त्याने बांधलं-कापलं नाही, बिब्बा लावला. बिब्बा टोचून गरम करून तेल काढलं आणि मोडावर सोडलं. बिब्बा उततो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तसा तो उतला, मांडीपर्यंत फोड आले. मोड वाळला खरा. पण तीन-चार महिन्यांनी त्याची संडासची वाट इतकी आवळली, की पेन्सिलीसारखं बारीक व्हायचं, अर्धा-अर्धा तास कुंथायचा. तो सगळ्यांना सांगायचा, "मूळव्याध गेली, बद्धकोष्ठ झालं." मला आत्ता वाचताना कळतंय की ते बद्धकोष्ठ नव्हतं.

फवारणीचं मोरचूद आणि चुना लावणारेही पाहिलेत. बोर्डो झाडाच्या खोडाला लावतात, बाप्पा!

थिएटरवाली_सिस्टर

बरोबर ओळखलंत. भाजलेली कातडी भरताना आकसते. हातावर आकसली तर व्रण दिसतो. इथे वाट गोल, चारी बाजूंनी भाजली की व्रणाचं कडंच तयार होतं, आणि कडं कधी सैल होत नाही. सुरुवातीला बोटाने किंवा सळईने रुंद करत राहावं लागतं, जास्त असेल तर बाजूची कातडी आणून लावायचं ऑपरेशन. म्हणून डॉक्टरही मोड कापताना दोन मोडांच्या मध्ये चांगल्या कातडीची पट्टी मुद्दाम राखतात. बिब्ब्याला पट्टी राखता येत नाही, तो वाहतो तिकडे जाळतो.

वैद्य_शल्यतंत्र

वऱ्हाडी_बाणा यांनी सुश्रुताचं नाव घेतलं म्हणून येतो. मी शल्यतंत्रात एमएस केलं आहे, क्षारसूत्राचं काम रोज करतो.

सुश्रुताने चार उपाय सांगितले, तुम्ही तीन मोजलेत. वगळलेला चौथा म्हणजे औषध, आणि नव्या, थोड्या दोषाच्या मूळव्याधीला त्याने तेच सांगितलं आहे. क्षार लावायचा म्हणजे काय, तेही ऐका. गाईच्या सडाच्या आकाराचं, बाजूला खाच असलेलं अर्शोयंत्र आत घालायचं, खाचेतून फक्त मोड आत येतो, बाकीचं झाकलेलं राहतं. क्षार लावून शंभर मात्रा मोजायच्या, म्हणजे जेमतेम मिनिट-दीड मिनिट. मोडाचा रंग पिकल्या जांभळासारखा झाला की आंबट रसाने धुऊन क्षार मारायचा. आम्ही आजही लिंबाचा रस वापरतो. रंग आला नाही तर पुन्हा, जास्त झाला तर जखम खोल. हे ज्याला दिसतच नाही तो जांभळाचा रंग कुठून ओळखणार?

आणि क्षारसूत्र म्हणजे हळदीचा दोरा नव्हे. शस्त्रक्रियेच्या धाग्यावर निवडुंगाच्या जातीतल्या स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकवीस लेप, प्रत्येक लेप वाळवून. बांधावरचा चीक दोऱ्याला चोळून दोन जण माझ्याकडे आले होते, दोघांची बाजूची कातडी सोललेली होती.

रिंगपेक्षा क्षारसूत्र बरं की वाईट, ह्यावर सिस्टरांशी माझं जमणार नाही, तो वाद इथे नको.

थिएटरवाली_सिस्टर

जमणार नाहीच 🙂 भगंदराला तुमचा दोरा चांगला चालतो, ते मी पाहिलंय. मूळव्याधीचं मी राखून ठेवते.

निनावी_ताई

मी इथे पहिल्यांदा लिहिते आहे, नाव लिहीत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला बाहेर कातडीचा एक छोटा तुकडा आला आहे. संडासला जाताना काच चिरत जाते असं वाटतं, नंतर तासभर आग. थोडं लाल रक्त. जाऊबाई म्हणतात घोड्याचा केस बांध, त्या बांधून देतील. माझा मोड लहानच आहे, तुमच्यासारखा मोठा नाही, मग चालेल का? ह्यांना सांगितलं नाही अजून.

थिएटरवाली_सिस्टर

ताई, नका बांधू. तुमचं वर्णन मोडाचं कमी आणि चिरेचं जास्त वाटतं, ज्याला डॉक्टर फिशर म्हणतात. आतल्या मोडातून रक्त जातं, पण तो सहसा असा काच चिरल्यासारखा दुखत नाही. चीर दुखते, आणि नंतरही तास-तास जळते. तो कातडीचा तुकडा चिरेच्या तोंडाशी आलेला पहारेकरी आहे. पहारेकऱ्याला फाशी दिली म्हणून चीर भरत नाही, उलट तिच्या शेजारी दुसरी जखम होते. अर्थात मी पाहिलेलं नाही, तपासूनच नक्की कळेल.

तोवर दिवसातून तीन-चार वेळा, आणि संडासनंतर तर नक्की, घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा. इसबगोल घेत असाल तर प्रत्येक वेळी मोठा पेला पाणी, नाहीतर तेच आत घट्ट बसतं. अंधार पडेपर्यंत संडास रोखून धरू नका. चिरेला लावायचं मलम असतं, पण अंगावर पाजत असाल तर ते डॉक्टरला सांगूनच घ्या. आशाताईंना विचारा, बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असते ते त्यांना माहीत असतं. "बाळंतपणानंतरचा त्रास" एवढंच सांगितलं तरी पुरतं.

कपाशीवाला

आता राहिलेलं लिहितो. यवतमाळला पोचेपर्यंत तो डाग तळहाताएवढा झाला होता. डॉक्टरांनी बाजूची कातडी दाबली तर आत पापड मोडल्यासारखं कुरकुरलं. ते म्हणाले, आत वायू तयार झालाय, जंतू कातडीखालून पसरतायत, आत्ता घ्यावं लागेल. सही घेतली आणि त्याच रात्री काळं झालेलं सगळं कापून काढलं. दोन दिवसांनी पुन्हा, कारण कडा परत काळ्या झाल्या होत्या. मग जखमेवर संडास पडू नये म्हणून पोटावर वाट काढून पिशवी लावली.

आणखी एक. ऑपरेशनच्या टेबलावर आतून गोठलेल्या रक्ताच्या गाठी निघाल्या, बऱ्याच. आमच्या डोळ्यांपुढे लुगड्याची घडी कोरडी होती.

थिएटरवाली_सिस्टर

हे सगळ्यांनी वाचा. कापलेला मोड बाहेरून दाबला की रक्त वरच्या बाजूला, आतड्यात साठतं. घडी कोरडी आणि माणूस पांढराफटक. घाम, चक्कर, तोंडाला कोरड आणि सारखी संडास लागल्याची भावना, बसलं की काळपट गाठी, असं झालं की आत रक्त जातंय समजा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, हार्टवाल्यांना देतात त्या, चालू असतील तर आणखी लवकर.

आणि कोणी आधीच बांधून बसलं असेल तर "गळेल" म्हणून वाट पाहू नका, टोकरूही नका. दवाखान्यात जागा बधिर करून ते काढता येतं. फक्त बांधलंय हे तोंडाने सांगा. आम्ही ह्याहून विचित्र ऐकलेलं आहे, कोणी हसत नाही.

संत्रावाला_मोर्शी

पण सिस्टर, त्या रविवारी रात्री माणसाने करायचं काय होतं? मोड बाहेर, आत जाईना, रात्रीचे दहा, शेवटची एसटी गेलेली. सल्ला तिथे पाहिजे.

थिएटरवाली_सिस्टर

रास्त आहे. उताणं किंवा कुशीवर पडायचं, कमरेखाली दोन उश्या, म्हणजे रक्त उतरतं. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून, नाहीतर गार पाण्याची घडी, दहा-दहा मिनिटं. सूज थोडी उतरली की खोबरेल लावून बोटाच्या सपाट भागाने हलका, सारखा दाब द्यायचा, भोसकायचं नाही. नेहमी आत जाणारा मोड पुष्कळदा असा जातो. गेला नाही, रंग निळाकाळा झाला किंवा दुखणं वाढत गेलं तर उजाडायची वाट न पाहता दवाखाना.

मात्र एकाएकी उठलेली, द्राक्षाएवढी निळी टणक गाठ असेल आणि ती आधी कधी आत जात नसेल, तर ती सारायला जाऊ नका. ती बाहेरचीच असते, आत रक्त गोठलेलं. पहिले दोन-तीन दिवस जीव जातो, मग दुखणं आपोआप उतरतं. त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरने बधिर करून काढली तर लवकर सुटका होते. पुष्कळदा ती स्वतःच फुटून गाठ बाहेर पडते, चार-पाच दिवसांत.

वऱ्हाडी_बाणा, तुमची तशीच होती का? एका रात्रीत आलेली?

वऱ्हाडी_बाणा

होय. सकाळी नव्हती, संध्याकाळी बैल सोडेपर्यंत आली. निळी होती. म्हणजे केसानं नाही गेली म्हन्ता?

थिएटरवाली_सिस्टर

केस नसता तरी बहुतेक पाचव्या दिवशी तेच झालं असतं. श्रेय घोड्याला मिळालं. नशीब, की फास सैल होता.

वऱ्हाडी_बाणा

हे मानाले मन तयार नाही, पण तुम्ही म्हन्ता तर असंन.

एक इचारतो, लाज सोडून. ते गेल्यावरही रक्त पडतेच अधूनमधून. दुखत नाही बिलकुल, म्हणून मूळव्याधच समजून सोडून देलं. आठ महिने झाले. अलीकडं संडास झाल्यावर पोट साफ झालं असं वाटत नाही, दोन-दोनदा जा लागते. वय 52.

थिएटरवाली_सिस्टर

कधी आतून तपासलंय का? वजन कमी झालं? रक्त संडासवर वेगळं पडतं की त्यात मिसळलेलं, शेंबडासारखं काही?

वऱ्हाडी_बाणा

तपासलं नाही. पायजम्याची नाडी दोन बोटं जास्त आवळा लागते, ते उन्हाच्या कामानं असंन. शेंबडासारखं असते कधी कधी.

वैद्य_शल्यतंत्र

भाऊ, ह्याला क्षार नाही, सूत्र नाही, कुठला काढाही नाही. आधी बोटाने आणि दुर्बिणीने तपासणी. मूळव्याधही असू शकते, पण ह्या वयात आणि ह्या लक्षणांवर गाठ नाही हे पाहिल्याशिवाय मी स्वतः हात लावणार नाही.

थिएटरवाली_सिस्टर

वैद्यांशी पूर्ण सहमत, लिहून ठेवा. बाहेर काय बांधलं-कापलं ह्याने आतलं काही कळत नाही. हिमोग्लोबिनही करून घ्या. जाताना रेशनकार्ड आणि आधार न्या, पुढे काही निघालं तर महात्मा फुले योजनेसाठी लागतं.

निनावी_ताई

आशाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या त्यांच्या ओळखीच्या बाई डॉक्टर गुरुवारी असतात. जाऊबाईंना सांगितलं दवाखान्यात जाते, त्या रुसल्या आहेत.

कपाशीवाला

भावाचं विचारलं होतं कोणी व्यनितून. पिशवी साडेचार महिन्यांनी काढली. मांडीची कातडी काढून लावलीय, ती धरली. घट्ट असलं की त्याला कळतं, धरवतं. पातळ असलं की कळायच्या आत होतं. डॉक्टर म्हणतात व्यायामाने काही सुधारेल, किती ते सांगत नाहीत. आवळायचा व्यायाम करतो बैलगाडीवर बसून. लग्नाला-कार्याला जात नाही. शुगरच्या गोळ्या चालू आहेत, खर्रा सुटला नाही.

वऱ्हाडी_बाणा

सिस्टर, सोमवारी बैलबाजार हाय. मंगळवारी जातो.

थिएटरवाली_सिस्टर

आठ महिने झालेत, एक दिवसाने तसं काही बिघडत नाही. पण मंगळवारी तूर निघेल आणि बुधवारी पाहुणे येतील. सोमवारीच जा, बैल मुलाला बघू द्या.

वऱ्हाडी_बाणा

पोराले बैलाचे दात पाहता येत नाही ना बाई.

बरं. सोमवारी.